आपले घर कोणत्या वॉर्डात? मुंबईत मालमत्ता करासाठी योग्य विभाग कार्यालय असे ओळखा

घर विकत घेतल्यावर, वडिलांच्या नावावरचे घर वारसांच्या नावे करताना किंवा करआकारणीबद्दल तक्रार करायची असताना मुंबईतले वाचक एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात : आमच्या घराचे वॉर्ड ऑफिस नक्की कोणते? पत्त्यावर एक नाव असते, मतदार चिठ्ठीवर दुसराच आकडा असतो आणि शेजारी तिसरेच कार्यालय सांगतात. मग अर्ज घेऊन एका खिडकीवर जावे, तर तिथून दुसरीकडे पाठवले जाते.

हा गोंधळ टाळता येतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : मालमत्ता करासाठी तुमचे विभाग कार्यालय पत्त्यावरून ठरवू नका, ते मालमत्तेच्या लेखा क्रमांकावरून ठरवा. पत्ता टपालासाठी असतो. महापालिकेच्या करनिर्धारण व संकलन खात्यात तुमच्या घराची नोंद लेखा क्रमांकाखाली असते आणि त्या क्रमांकाची सुरुवातच विभागाच्या अक्षरांनी होते.

हा लेख बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील घरांसाठी आहे. पुणे, ठाणे, नवी मुंबई इथल्या महापालिकांची विभागरचना आणि खाते क्रमांकांची पद्धत वेगळी आहे. तिथल्या घरासाठी खालील अक्षरे वापरू नका.

आधी ठरवा : तुमचे काम कोणते आहे?

प्रत्येक कामासाठी विभाग कार्यालय शोधावे लागत नाही.

- फक्त कर भरायचा असेल, तर लेखा क्रमांक पुरेसा आहे. महापालिकेच्या संकेतस्थळावर कर भरताना पैसे लेखा क्रमांकावर जमा होतात, तुम्ही कुठे राहता याचा तिथे संबंध नसतो. इथे चूक होते ती वॉर्डाची नव्हे, क्रमांकातल्या एखाद्या आकड्याची.
- नावात बदल, वारसनोंद, आकारणीविरुद्ध तक्रार, वापरातला बदल, करआकारणीचा उतारा किंवा थकबाकी नसल्याचा दाखला हवा असेल, तर अर्ज संबंधित विभागाच्या सहायक करनिर्धारक व संकलक यांच्याकडेच जायला हवा. तुमच्या मालमत्तेची नोंद त्यांच्याकडे असते.
- घराची आकारणी कधी झालेलीच नसेल, तर लेखा क्रमांकही नसतो. मग जमिनीच्या नोंदीवरून विभाग शोधावा लागतो. ती वाट पुढे दिली आहे.

दुसऱ्या प्रकारच्या कामात मुदतीचाही प्रश्न असतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 149 नुसार मालमत्तेचे हस्तांतरण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत महापालिकेला त्याची सूचना द्यावी लागते. मालकाचे निधन झाले असेल, तर याच कलमानुसार वारसांना एक वर्षाची मुदत आहे. सूचना दिली नाही, तर विकणाऱ्याची करापुरती जबाबदारी संपत नाही आणि बिले जुन्या नावानेच येत राहतात. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तिथेच पडून राहिला, तर या मुदतीतले दिवस वाया जातात. म्हणून आधी विभाग पक्का करा, मग अर्ज लिहा.

'वॉर्ड' म्हणजे नेमके काय? तीन वेगळ्या रचना

गोंधळाचे मूळ इथे आहे. मुंबईत एकाच घरावर तीन वेगवेगळ्या रचना लागू असतात आणि बोलताना आपण तिन्हींना 'वॉर्ड'च म्हणतो.

प्रशासकीय विभाग : ए, बी, सी, के/पश्चिम, एम/पूर्व ही नावे या विभागांची. महापालिकेचे कामकाज अनेक वर्षे अशा 24 विभागांतून चालत आले आहे. प्रत्येक विभागाचे प्रमुख सहायक आयुक्त असतात. मालमत्ता कराच्या कामासाठी तुम्हाला हाच विभाग हवा.

निवडणूक प्रभाग : हे 227 आहेत आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. मतदार चिठ्ठीवर आकड्यात लिहिलेला प्रभाग तो हा. प्रभागांच्या सीमा निवडणुकीच्या आधी बदलल्या जाऊ शकतात. प्रभाग क्रमांक बदलला म्हणून तुमचे कर कार्यालय बदलत नाही. अर्जात 'वॉर्ड क्रमांक' म्हणून हा आकडा लिहिला, तर कर विभागातल्या कर्मचाऱ्याला त्यावरून तुमची नोंद सापडणार नाही.

टपाल विभाग : पिनकोड टपाल खात्याने ठरवलेला असतो. एका पिनकोडात दोन-तीन विभागांचे भाग येतात आणि एका विभागात अनेक पिनकोड असतात. पिनकोडवरून विभाग सांगणारी यादी कोणी तुमच्या हाती दिली, तर ती फक्त अंदाजासाठी वापरा.

पहिली पायरी : लेखा क्रमांक मिळवा

मालमत्ता कराच्या बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा लेखा क्रमांक छापलेला असतो. पहिली दोन इंग्रजी अक्षरे आणि पुढे तेरा आकडे, अशी त्याची रचना असते. हा क्रमांक पुढील ठिकाणी मिळू शकतो :

- मालमत्ता कराचे कोणतेही जुने बिल किंवा भरणा पावती. बिल किती जुने आहे याला फारसे महत्त्व नाही, क्रमांक वाचता आला पाहिजे.
- सोसायटीचे सचिव किंवा खजिनदार. मुंबईत अनेक सोसायट्यांना संपूर्ण इमारतीचे बिल येते आणि सोसायटी ते सभासदांमध्ये वाटून देखभाल शुल्काच्या बिलात लावते. अशा वेळी तुमच्या घरी महापालिकेचे बिल कधीच आलेले नसते, पण क्रमांक सोसायटीच्या दप्तरात असतो.
- विकणाऱ्याकडील कागदपत्रे. खरेदीखतासोबत कर भरल्याच्या पावतीची प्रत जोडण्याची अनेक वकिलांची पद्धत असते, म्हणून जोडपत्रे तपासा.
- पागडीच्या किंवा भाड्याच्या घरात राहत असाल, तर घरमालकाचे बिल. करआकारणी इमारतीच्या मालकाच्या नावे असते.

ज्यांचे घर 500 चौरस फूट, म्हणजे 46.45 चौरस मीटर किंवा त्याहून लहान आहे, अशांना 1 जानेवारी 2022 पासून निवासी मालमत्ता करात माफी मिळाली आहे. भरण्याची रक्कम नसल्यामुळे अशा घरांत बिलाचा कागद जपून ठेवला जात नाही. माफी मिळाली तरी महापालिकेतली नोंद आणि लेखा क्रमांक कायम असतो. नावबदलासाठी तोच क्रमांक लागेल.

दुसरी पायरी : पहिली दोन अक्षरे वाचा

विभागाच्या नावात दिशा असेल, तर क्रमांकात विभागाचे अक्षर आणि दिशेचे पहिले इंग्रजी अक्षर येते. के/पश्चिमसाठी KW, एफ/उत्तरसाठी FN, आर/मध्यसाठी RC. विभागाच्या नावात दिशा नसेल, तर दुसऱ्या जागी X येतो. म्हणजे एल विभागासाठी LX, टी विभागासाठी TX. हा X पाहून अनेकांना छपाईची चूक वाटते. ती चूक नाही, क्रमांक लिहिताना X गाळू नका.

- शहर भाग : ए (AX), बी (BX), सी (CX), डी (DX), ई (EX), एफ/दक्षिण (FS), एफ/उत्तर (FN), जी/दक्षिण (GS), जी/उत्तर (GN)
- पश्चिम उपनगरे : एच/पूर्व (HE), एच/पश्चिम (HW), के/पूर्व (KE), के/पश्चिम (KW), पी/दक्षिण (PS), पी/उत्तर (PN), आर/दक्षिण (RS), आर/मध्य (RC), आर/उत्तर (RN)
- पूर्व उपनगरे : एल (LX), एम/पूर्व (ME), एम/पश्चिम (MW), एन (NX), एस (SX), टी (TX)

एक अपवाद ध्यानात ठेवा. मोठ्या विभागांचे महापालिका विभाजन करते. मालाडच्या पी/उत्तरमधून पी/पूर्व आणि अंधेरी-जोगेश्वरीच्या के/पूर्वमधून के/उत्तर अशी नवी नावे अलीकडच्या काळात आली. अशा भागात बिलावरची अक्षरे जुन्या विभागाची असू शकतात आणि काम नव्या कार्यालयात सुरू झालेले असू शकते. तुमचा क्रमांक PN किंवा KE ने सुरू होत असेल, तर चौथ्या पायरीतली विचारणा केल्याशिवाय अर्ज देऊ नका.

तिसरी पायरी : क्रमांक संकेतस्थळावर पडताळा

जुन्या बिलावरचा क्रमांक आज चालू आहे की नाही, हे तपासणे आवश्यक आहे. महापालिकेच्या मालमत्ता कर संकेतस्थळावर, म्हणजे `ptaxportal.mcgm.gov.in` वर, लेखा क्रमांक टाकून बिलाची माहिती पाहता येते. तिथे तीन गोष्टी पाहा.

1. पक्षकाराचे नाव. तिथे तुमचे नाव नसेल, पण विकासकाचे, सोसायटीचे किंवा आधीच्या मालकाचे असेल, तर घाबरू नका. त्याचा अर्थ एवढाच, की नावबदल झालेला नाही. पूर्णपणे अनोळखी नाव असेल, तर क्रमांक चुकला आहे किंवा कुणीतरी दुसऱ्याच इमारतीचा क्रमांक तुम्हाला दिला आहे.
2. मालमत्तेचे वर्णन. इमारतीचे नाव, रस्ता, नगर भूमापन क्रमांक यांपैकी दोन गोष्टी तरी तुमच्या कागदपत्रांशी जुळल्या पाहिजेत. इमारतीची नावे बदलतात, भूमापन क्रमांक सहसा बदलत नाही. म्हणून त्यावर जास्त भर द्या.
3. थकबाकी. घर विकत घेत असाल, तर विभाग शोधता शोधता हीही माहिती हाती येते. व्यवहार होण्याआधीच ती पाहून ठेवा.

ताज्या बिलाची प्रत काढता आली, तर ती काढून ठेवा. बिल कोणत्या विभागाच्या सहायक करनिर्धारक व संकलक यांच्याकडून आले आहे, हे त्यावरून समजते आणि कार्यालयात बोलताना तो कागद हाती असला की चर्चा लांबत नाही.

चौथी पायरी : कार्यालयाकडून खात्री करून घ्या

लेखा क्रमांक आणि बिल जुळले, तर बहुतेक वाचकांचे काम इथेच संपते. तरीही प्रत्यक्ष जाण्याआधी एक दूरध्वनी करा. महापालिकेचा 1916 हा मदत क्रमांक आहे. तिथे लेखा क्रमांक सांगून दोन प्रश्न विचारा : या क्रमांकाचे काम कोणते विभाग कार्यालय पाहते आणि त्या विभागाची करनिर्धारण शाखा कोणत्या इमारतीत बसते. दुसरा प्रश्न विसरू नका. विभागाचे मुख्य कार्यालय आणि कराची शाखा एकाच छपराखाली असतीलच असे नाही.

कार्यालयात गेल्यावर 'आमचा भाग तुमच्याकडे येतो का?' असे विचारू नका. भागाच्या नावावर कर्मचारीही अंदाजानेच उत्तर देईल. 'हा लेखा क्रमांक तुमच्या नोंदवहीत आहे का आणि त्याचा निरीक्षक कोण?' असे विचारा. या प्रश्नाला नोंद पाहून उत्तर द्यावे लागते.

लेखा क्रमांक मिळतच नसेल तर : जमिनीवरून शोध

नवी इमारत, कागदपत्रे हरवलेले जुने घर, गावठाणातले वाडवडिलांचे घर, अशा वेळी क्रमांक हाती नसतो. मग घराखालच्या जमिनीची ओळख उपयोगी पडते.

मुंबईत प्रत्येक जमिनीला नगर भूमापन क्रमांक आहे. उपनगरांत तो महसुली गावाच्या नावासोबत लिहिला जातो, उदाहरणार्थ 'मौजे चांदिवली'. शहर भागात त्याच्यासोबत भूमापन विभागाचे नाव असते. हा क्रमांक मिळकत पत्रिकेवर, खरेदीखताच्या शेवटच्या परिशिष्टात आणि सोसायटीच्या अभिहस्तांतरण दस्तात सापडतो.

हा क्रमांक आणि गावाचे नाव घेऊन महापालिकेकडून विकास आराखडा 2034 चा अभिप्राय मागवता येतो. त्यासाठी शुल्क भरावे लागते. आरक्षण, रस्तारुंदी यांसाठी तो घेतला जातो, पण तुमच्या कामाची गोष्ट त्याच्या सुरुवातीलाच असते : अमुक गावातला अमुक क्रमांकाचा भूखंड अमुक विभागात आहे, असे तिथे लिहिलेले असते. महापालिकेच्याच कागदावरचे हे उत्तर असल्यामुळे सीमेवरच्या घरांसाठी ते फार उपयोगी ठरते. त्या विभागाच्या करनिर्धारण शाखेत भूमापन क्रमांक दाखवून लेखा क्रमांकाचा शोध घ्यायला सांगा.

महसुली गाव आणि विभाग या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे इथे लक्षात घ्या. गावाचे नाव विभाग ओळखायला मदत करते, पण फक्त नावावरून निष्कर्ष काढू नका.

एक उदाहरण : एकाच पत्त्यात तीन विभाग

समजा, तुम्ही चांदिवली फार्म रोडवरच्या एका सोसायटीत आधीच्या मालकाकडून सदनिका घेतली. खरेदीखतावर पत्ता असा आहे : चांदिवली फार्म रोड, पवई, अंधेरी (पूर्व), मुंबई 400072. या भागात असे पत्ते सर्रास लिहिले जातात.

आता नावबदलासाठी कुठे जाणार? 'अंधेरी (पूर्व)' वाचून तुम्ही के/पूर्व विभागाच्या कार्यालयाकडे निघाल. 'पवई' वाचणारा शेजारी सांगेल की पवई एस विभागात येते, भांडुपला जा. पवईतला हिरानंदानीचा परिसर एस विभागात आहे, म्हणून त्याचे म्हणणेही खरे वाटते. पिनकोड पाहणारा म्हणेल, 400072 म्हणजे साकीनाका.

तुम्ही सोसायटीच्या सचिवांकडे जाता. ते इमारतीच्या मालमत्ता कराच्या बिलाची प्रत देतात. लेखा क्रमांकाची सुरुवात LX अशी आहे, म्हणजे मालमत्ता एल विभागात आहे. संकेतस्थळावर क्रमांक टाकल्यावर पक्षकार म्हणून विकासकाचे नाव दिसते आणि वर्णनातला भूमापन क्रमांक तुमच्या खरेदीखताच्या परिशिष्टाशी जुळतो. गाव 'मौजे चांदिवली' आहे. दोन खुणा जुळल्या, म्हणजे क्रमांक तुमच्याच इमारतीचा आहे. एल विभागाचे कार्यालय कुर्ला (पश्चिम) इथे आहे. पत्त्यात कुर्ल्याचा उल्लेखही नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट समोर येते. बिल संपूर्ण इमारतीचे आणि विकासकाच्या नावे आहे. मग तुमच्या एका सदनिकेचा नावबदल महापालिकेत होईल का? आधी सोसायटीला विचारा, की सदनिकांची स्वतंत्र आकारणी झाली आहे का. झाली नसेल, तर तुमच्या नावाची नोंद सोसायटीच्या दप्तरात होते आणि महापालिकेच्या बिलावरचे विकासकाचे नाव काढून सोसायटीचे नाव लावण्याचा अर्ज सोसायटीने करायचा असतो. योग्य विभाग कळल्यावरही योग्य अर्जदार कोण, हा प्रश्न उरतो. तो कार्यालयात जाण्याआधीच सोडवलेला बरा.

पाय घसरतो तो इथे

पूर्व-पश्चिमचा गैरसमज. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले आणि अंधेरी इथे रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना दोन वेगळे विभाग आहेत, म्हणून स्थानकाच्या पूर्व-पश्चिमेवरून विभाग ओळखण्याची सवय लागते. बाकी मुंबईत ही सवय फसवते. गोरेगाव पूर्व आणि पश्चिम दोन्ही पी/दक्षिणमध्ये येतात. कांदिवलीच्या दोन्ही बाजू आर/दक्षिणमध्ये, बोरिवलीच्या आर/मध्यमध्ये, घाटकोपरच्या एन विभागात आणि मुलुंडच्या टी विभागात येतात. एम/पूर्व आणि एम/पश्चिम यांचा तर स्थानकाच्या पूर्व-पश्चिमेशी संबंध नाही : गोवंडी-मानखुर्दकडचा भाग एम/पूर्व आणि चेंबूरकडचा भाग एम/पश्चिम.

सारखी नावे. परळ एफ/दक्षिणमध्ये, तर लोअर परळ जी/दक्षिणमध्ये. विक्रोळीचा काही भाग एन विभागात, तर काही एस विभागात. दादर म्हटले की जी/उत्तर आठवतो, पण तो दादर पश्चिमेसाठी. पूर्वेकडच्या दादरसाठी एफ विभागांकडे पाहावे लागते. अशा ठिकाणी स्थानकाचे नाव पुरेसे नसते, रस्ता आणि भूमापन क्रमांकच निर्णय देतात.

शहराची वेस. पिनकोड 400 ने सुरू होतो म्हणून घर मुंबई महापालिकेतच असेल असे नाही. ठाणे आणि नवी मुंबईतले बरेच पिनकोडही 400 ने सुरू होतात. मुलुंड चेकनाक्याच्या किंवा दहिसर चेकनाक्याच्या आसपास घर असेल, तर ते मुंबई, ठाणे की मिरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीत आहे, हे बिलावरच्या महापालिकेच्या नावावरून आधी ठरवा. विभागाचा प्रश्न त्यानंतरचा.

पुनर्विकास झालेली इमारत. जुन्या चाळीचा किंवा इमारतीचा लेखा क्रमांक तुमच्याकडे असतो आणि नव्या इमारतीची आकारणी नव्याने झालेली असते. विभाग बहुधा तोच राहतो, पण जुना क्रमांक लिहून केलेला अर्ज बंद झालेल्या खात्यावर जाऊन अडकतो. नव्या इमारतीचा क्रमांक विकासकाकडून लेखी घ्या.

वीजबिल आणि म्हाडाची पावती. वीजबिलावरचा विभाग वीज कंपनीचा असतो. म्हाडाच्या वसाहतीत राहणारे म्हाडाला सेवाशुल्क भरतात, ती पावती मालमत्ता कराची नव्हे. दोन्हींवरून महापालिकेचा विभाग ठरवू नका.

मध्यस्थ. कार्यालयाबाहेर 'तुमचे काम अमुक वॉर्डात आहे, मी करून देतो' असे सांगणारे भेटतात. लेखा क्रमांकाची पहिली दोन अक्षरे तुम्हाला वाचता आली, की हे विचारायला कुणाकडे जावे लागत नाही.

दोन्ही कार्यालये नाही म्हणत असतील तर

सीमेवरच्या घरांबाबत असे घडते : हा विभाग म्हणतो त्या विभागाकडे जा, तो म्हणतो या विभागाकडे जा. अशा वेळी तोंडी चर्चा थांबवा आणि कागद पुढे करा. ज्या विभागाची अक्षरे लेखा क्रमांकावर आहेत, किंवा विकास आराखड्याच्या अभिप्रायात ज्याचे नाव आहे, त्या विभागाला पुढीलप्रमाणे अर्ज द्या :

> प्रति, सहायक करनिर्धारक व संकलक, ______ विभाग.
> विषय : मालमत्तेचे विभाग कार्यालय कळवण्याबाबत.
> माझी मालमत्ता ______ (इमारत, रस्ता), नगर भूमापन क्रमांक ______, मौजे ______ इथे आहे. बिलावरील लेखा क्रमांक ______ असा आहे. ______ रोजी मी ______ या कामासाठी आलो/आले असता ______ विभागाकडे जाण्यास सांगण्यात आले. तरी या मालमत्तेची करआकारणी नोंद कोणत्या विभागात आहे, ते लेखी कळवावे. ही मालमत्ता आपल्या विभागात नसल्यास अर्ज संबंधित विभागाकडे पाठवून मला त्याची प्रत द्यावी.
> सोबत : बिलाची प्रत, मिळकत पत्रिकेची प्रत.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तीन महिन्यांची किंवा वर्षभराची मुदत जवळ आलेली असेल, तर नावबदलाची सूचनाही याच वेळी देऊन तिची वेगळी पोच घ्या. कार्यालयावरून वाद असला, तरी तुम्ही महापालिकेला वेळेत कळवले होते, हे ती पोच दाखवते.

तुमचे हक्क

पोच आणि लेखी कारण. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ज्या सेवा अधिसूचित आहेत, त्यांच्या अर्जाची पोच मिळणे हा तुमचा हक्क आहे. अर्ज नाकारला, तर कारण लेखी द्यावे लागते. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची आणि अपील कुणाकडे करायचे, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. नकार मिळाल्यावर किंवा मुदत उलटल्यावर 30 दिवसांत पहिले अपील करता येते.

माहितीचा अधिकार. लेखी उत्तर येतच नसेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली त्या विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क 10 रुपये आहे आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तक्रारीचा इतिहास लिहू नका. 'अमुक भूमापन क्रमांकाच्या मालमत्तेची करआकारणी नोंद कोणत्या विभागात, कोणत्या लेखा क्रमांकाखाली आणि कोणाच्या नावे आहे, त्या नोंदीची प्रत द्यावी,' एवढेच मागा. 'का' असा प्रश्न विचारलात, तर उत्तर टाळायला वाव मिळतो. नोंदीची प्रत मागितली, तर ती द्यावी लागते किंवा अशी नोंद नाही असे लिहून द्यावे लागते. ही दोन्ही उत्तरे तुमच्या उपयोगाचीच आहेत.

बिल थांबत नाही. विभागाचा वाद सुरू असला, तरी चालू बिलाची भरण्याची मुदत पुढे जात नाही आणि थकबाकीवर दरमहा दंड आकारला जातो. लेखा क्रमांक पडताळलेला असेल, तर कर त्या क्रमांकावर वेळेत भरून टाका. पावतीवरचे नाव जुन्या मालकाचे असले, तरी भरणा त्या मालमत्तेच्या खात्यावरच जमा होतो. नावाचा अर्ज स्वतंत्रपणे चालू ठेवा.

कार्यालयात जाताना सोबत ठेवा

- ताज्या किंवा जुन्या बिलाची प्रत, लेखा क्रमांकाखाली रेघ मारून
- मिळकत पत्रिका किंवा खरेदीखताचे परिशिष्ट, भूमापन क्रमांक दिसेल असे
- सोसायटीचे पत्र, बिल संपूर्ण इमारतीचे असल्यास
- मृत्यू दाखला आणि वारसा हक्काचे कागद, वारसनोंद असल्यास
- आधी दिलेल्या अर्जांच्या शिक्का मारलेल्या पोचा

काम झाल्यावर लेखा क्रमांक, विभागाचे नाव आणि करनिर्धारण शाखेचा पत्ता एका कागदावर लिहून खरेदीखताच्या फायलीत पहिल्या पानावर लावा. घरातल्या आणखी एका व्यक्तीला ती फाइल कुठे आहे ते सांगून ठेवा. वारसनोंदीची वेळ येते तेव्हा ही माहिती असलेली व्यक्ती घरात नसते आणि एका वर्षाची मुदत मात्र सुरू झालेली असते.